घन वक्राचा मध्य



गणिताच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलायचं, तर मंचावर फळा हवा, एवढी एकच अट मी घातली होती. फळा आला, खडूही आला. आता त्यावर फार काही लिहिणार नाही, त्यामुळे मागच्या रांगांनी काळजी करू नये. एकच समीकरण लिहितो आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून बोलतो.

y = x³ − 9x² + 20x − 12

उजव्या बाजूला आहे ती घन बहुपदी, म्हणजे कोटी तीन असलेली. तिचे अवयव सरळ पडतात: (x − 1)(x − 2)(x − 6). म्हणजे हिचा आलेख X-अक्षाला 1, 2 आणि 6 या तीन ठिकाणी छेदतो. दोन छेद शेजारी शेजारी, तिसरा लांब. आता मला सांगा, या वक्रात सममिती असेल असं कुणाला वाटतं? 1, 2 आणि 6! यांच्यात कसला आलाय तोल?

तरीही माझं म्हणणं असं, की या वक्राला मध्य आहे. आलेखावर एक ठरावीक बिंदू आहे. त्या बिंदूभोवती सगळा आलेख अर्धा फेरा, म्हणजे 180 अंश फिरवला, तर तो जसाच्या तसा स्वतःवर येऊन बसतो. आणि तो बिंदू म्हणजे वक्राचा नतिपरिवर्तन बिंदू, जिथे वक्राचा बाक एका बाजूचा दुसऱ्या बाजूला होतो. हे याच वक्राचं नाही, प्रत्येक घन बहुपदीचं आहे.

आज तीन गोष्टी पाहू. हा मध्य डोळ्यांना कसा दिसतो. तो खरोखर मध्य आहे हे आरंभबिंदू हलवून कसं पडताळायचं. आणि घनाला जे साधतं ते पुढच्या कोटींना का साधत नाही.

पहिली गोष्ट: मध्य दिसतो कसा

आधी किमती काढू. x ला 0 पासून 6 पर्यंत पूर्णांक देत गेलो, की y च्या किमती येतात त्या अशा:

−12, 0, 0, −6, −12, −12, 0

पहिल्या नजरेला यात काहीच दिसत नाही. पण मधल्या किमतीवर, x = 3 वर, बोट ठेवा आणि दोन्ही बाजूंना सारखं अंतर चाला. एक पाऊल: डावीकडे 0, उजवीकडे −12. दोन पावलं: पुन्हा 0 आणि −12. तीन पावलं: डावीकडे −12, उजवीकडे 0. दर वेळी बेरीज −12. चौथं पाऊल यादीबाहेरचं आहे, तेही टाकून बघू. x = −1 ला y = −42, आणि x = 7 ला y = 30. बेरीज? −12. आणि मधली किंमत −6, म्हणजे −12 च्या बरोबर निम्मी.

याचा अर्थ काय? 3 पासून सारख्या अंतरावरचे दोन बिंदू घेतले, तर त्यांना जोडणाऱ्या रेषाखंडाचा मध्यबिंदू दर वेळी (3, −6) हाच येतो. एक बिंदू मध्यापेक्षा जितका वर, तितकाच त्याचा जोडीदार खाली.

आता 1, 2 आणि 6 यांचं कोडंही सुटतं. आपण सममिती शोधत होतो X-अक्षावर, आणि मध्य तर अक्षाच्या सहा एकक खाली आहे! अर्धा फेरा दिल्यावर अक्षावरचे हे तीन बिंदू अक्षावर राहतीलच कसे? ते जातात y = −12 या रेषेवर. 1 चा जोडीदार 5, 2 चा जोडीदार 4, आणि 6 चा जोडीदार 0. यादी पुन्हा पाहा. y = −12 नेमकी कुठे कुठे आहे? 0, 4 आणि 5 वर. मुळं लंगडी दिसत होती, कारण आपण त्यांचे जोडीदार मोजलेच नव्हते.

घरी जाऊन करून बघण्यासारखा प्रयोग सांगतो. आलेख कागदावर X-अक्षावर एक सेंटिमीटरला एक एकक आणि Y-अक्षावर एक सेंटिमीटरला पाच एकक असं प्रमाण घ्या, म्हणजे −1 ते 7 पर्यंतचा वक्र कागदावर मावेल. वर ट्रेसिंग पेपर ठेवून वक्र गिरवा, (3, −6) वर टाचणी टोचा आणि वरचा कागद अर्धा फेरा फिरवा. रेघेवर रेघ बसते. कुणी म्हणेल, दोन अक्षांवर प्रमाण वेगवेगळं, मग फिरवलं तर बिघडणार नाही का? पाव फेऱ्याला नक्की बिघडलं असतं. अर्ध्या फेऱ्यात डावं उजवीकडे आणि वरचं खाली एवढंच होतं, आडवं उभं होत नाही. म्हणून प्रमाण कुठलंही चालतं.

हे झालं मध्याचं. पण बाकाचा काय संबंध? त्यासाठी वक्राचा चढ पाहू. पहिला अवकलज 3x² − 18x + 20. यात x ला पुन्हा 0 ते 6 देऊ, की चढ मिळतात ते असे:

20, 5, −4, −7, −4, 5, 20

मंडळी, ही यादी डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, एकच आहे! चढ 20 पासून उतरत उतरत −7 पर्यंत येतो आणि तिथून पुन्हा वाढू लागतो. चढ घटत होता तोवर वक्र खाली बाकलेला होता. चढ वाढू लागला तसा तो वर बाकला. बदल झाला तो x = 3 वर. दुसरा अवकलज 6x − 18 हेच सांगतो: 3 च्या आधी ऋण, 3 वर शून्य, 3 नंतर धन. हाच नतिपरिवर्तन बिंदू.

चढाचा स्वतःचा आलेख काढला तर तो अन्वस्त येतो, आणि प्रत्येक अन्वस्ताला आरशासारखा अक्ष असतो. इथे तो अक्ष x = 3 वर आहे. मध्यातून उजवीकडे निघालेल्याला आणि डावीकडे निघालेल्याला पावलोपावली तोच चढ भेटतो. मग एक जितका वर जाईल तितका दुसरा खाली उतरणार, यात नवल ते काय? चढाला आरसा असला, की वक्राला मध्य मिळतो.

दुसरी गोष्ट: आरंभबिंदू हलवून पडताळा

पण थांबा. आपण नऊ बिंदू तपासले. नऊ जुळले म्हणून सगळे जुळतील? 3.7 आणि 2.3 चं काय? याद्या संशय निर्माण करतात, खात्री देत नाहीत. खात्रीसाठी एकच करायचं: वक्र आहे तिथेच ठेवायचा आणि अक्ष उचलून मध्यावर न्यायचे.

नवा आरंभबिंदू (3, −6). नवे सहनिर्देशक मोठ्या अक्षरांनी लिहू: x = X + 3 आणि y = Y − 6. आता x च्या जागी X + 3 घालून सगळे कंस सोडवता येतील, पण त्यात चिन्हं चुकतात. त्यापेक्षा आपल्याकडे नववीच्या पुस्तकात भागाकाराची जी संश्लेषक पद्धत आहे, ती इथे कामाला लावू. सहगुणक 1, −9, 20, −12 मांडायचे आणि 3 ने भागाकार एकामागून एक करत जायचा.

पहिली फेरी: 1 खाली उतरतो, −9 अधिक 3 म्हणजे −6, 20 वजा 18 म्हणजे 2, −12 अधिक 6 म्हणजे −6. शेष −6.

दुसरी फेरी उरलेल्या 1, −6, 2 वर: 1, −3, −7. शेष −7.

तिसरी फेरी 1, −3 वर: 1, 0. शेष 0.

हे शेष खालून वर वाचले, की नव्या बहुपदीचे सहगुणक तयार: 1, 0, −7, −6. म्हणजे उजवी बाजू झाली X³ − 7X − 6. डावीकडे Y − 6 आहेच. दोन्हीकडचे −6 गेले आणि उरलं:

Y = X³ − 7X

एवढ्यासाठीच सगळा खटाटोप होता. इथे X² चं पद नाही आणि स्थिरपदही नाही. X च्या जागी −X घातला, तर X³ चं चिन्ह बदलतं, 7X चंही बदलतं, म्हणून Y चं चिन्ह बदलतं. (X, Y) वक्रावर असेल तर (−X, −Y) असणारच. नऊ बिंदूंसाठी नाही, प्रत्येक X साठी. 3.7 आणि 2.3 चा प्रश्न त्यात आपोआप मिटला.

नतिपरिवर्तनही इथे उघडं दिसतं. नव्या आरंभबिंदूतून जाणारी स्पर्शिका Y = −7X. वक्रातून ती वजा केली तर उरतो नुसता X³, आणि तो डावीकडे ऋण, उजवीकडे धन. म्हणजे स्पर्शिकेच्या एका बाजूने आलेला वक्र तिला तिथेच ओलांडून दुसऱ्या बाजूला जातो.

आता सर्वसाधारण घन घेऊ: ax³ + bx² + cx + d. आरंभबिंदू h इतका सरकवला, तर X² चा सहगुणक 3ah + b होतो. तो शून्य हवा, म्हणून h = −b/3a. आणि दुसरा अवकलज 6ax + 2b शून्य कुठे होतो? x = −b/3a वर! दोन वेगळ्या वाटा एकाच दारात येऊन मिळाल्या, पण हा योगायोग नव्हे. नव्या आरंभबिंदूपाशी दुसऱ्या अवकलजाची किंमत X² च्या सहगुणकाच्या दुप्पट असते. X² घालवणं आणि दुसरा अवकलज शून्य करणं हे एकच काम आहे. a शून्य नसल्यामुळे h ला उत्तर नेहमी मिळतं, आणि एकच मिळतं. म्हणून प्रत्येक घनाला मध्य असतो, आणि एकच असतो.

या पडताळ्यात माणसं कुठे चुकतात, तेही सांगून टाकतो, कारण प्रत्येक चूक आपली खूण मागे ठेवते. सगळ्यांत जास्त होणारी चूक चिन्हाची: X + 3 च्या ऐवजी X − 3 घातला जातो. मग X² चा सहगुणक −9 चा 0 व्हायच्या ऐवजी −18 होतो. नियमच लक्षात ठेवा: X² चा सहगुणक मूळच्या दुप्पट झाला, तर आपण बरोबर तितकंच अंतर उलट दिशेने चाललो आहोत. दुसरी चूक, x हलवला आणि y हलवायचा राहिला. मग शेवटी एक स्थिरपद लोंबकळत राहतं. मध्य सापडलेला असतो, त्याची उंची तेवढी नोंदायची राहिलेली असते. तिसरी चूक अंदाजाची: तीन मुळांतलं मधलं मूळ म्हणजेच मध्य, असं धरणं. आपल्या उदाहरणात आरंभबिंदू (2, 0) वर नेऊन बघा. येतं X³ − 3X² − 4X. स्थिरपद गेलं, पण −3X² ठाण मांडून बसलं. X = 1 ला −6 आणि X = −1 ला 0. जोडी फुटली. मधलं मूळ मध्य नव्हे. मध्याचा x म्हणजे तिन्ही मुळांची सरासरी. 1, 2 आणि 6 यांची सरासरी 3.

कार्दानोचा घन आणि मध्याची उंची

इथे जरा इतिहासात डोकावू. जेरोलामो कार्दानो याचा ‘आर्स माग्ना’ हा ग्रंथ १५४५ साली न्यूरेंबर्गला छापला गेला. घन समीकरणं सोडवण्याची रीत त्यात आहे. वर्गपद नसलेलं समीकरण कसं सोडवायचं, हे कार्दानोला १५३९ मध्ये तार्तालियाकडून कळलं होतं. बोलोन्याच्या देल फेर्रोला ते त्याही आधी जमलं होतं. पण वर्गपद असलं तर? तेव्हा अज्ञात राशी वर्गपदाच्या सहगुणकाच्या तिसऱ्या हिश्श्याने सरकवायची, की वर्गपद जातं. म्हणजे आपण आत्ता केलं तेच! गंमत अशी, की कार्दानोपुढे आलेख नव्हताच. देकार्तची ‘भूमिती’ १६३७ साली आली, म्हणजे ९२ वर्षांनी. ज्याला आपण वक्राचा मध्य म्हणतो, तो वक्र न काढताच वापरात होता, आणि तोही सममितीसाठी नव्हे, मुळं काढण्यासाठी.

मग मुळांबद्दल हा मध्य काय सांगतो? Y = X³ − 7X या वक्राला मध्याच्या डावीकडे एक शिखर आणि उजवीकडे एक दरी आहे. चढ 3X² − 7 शून्य केला, की X सुमारे 1.53 आणि −1.53 येतो, आणि तिथली उंची मध्यापेक्षा सुमारे 7.13 ने वर किंवा खाली. सममितीमुळे एकच आकडा काढला तरी पुरतो. जुना X-अक्ष मध्यापासून 6 एकक वर आहे. 6 हे 7.13 पेक्षा कमी, म्हणून अक्ष शिखर आणि दरी यांच्या मधून जातो आणि वक्राला तीनदा छेदतो. मूळ समीकरणात −12 ऐवजी −14 लिहा. वक्र दोन एकक खाली सरकला, मध्य −8 वर गेला, अक्ष आता त्याच्या 8 एकक वर. 8 हे 7.13 पेक्षा जास्त. शिखर अक्षापर्यंत पोचतच नाही. वास्तव मूळ एकच उरलं. समीकरण न सोडवता हे कळलं.

आणि याच ठिकाणी कार्दानोच्या सूत्राची अडचणही दिसते. X³ = 7X + 6 या समीकरणाची उत्तरं −2, −1 आणि 3, सगळी स्वच्छ पूर्णांक. पण सूत्रात वर्गमुळाखाली काय येतं? 9 − 343/27, म्हणजे −100/27. ऋण! अक्ष शिखर आणि दरी यांच्या मधून गेला, की वर्गमुळाखालची संख्या ऋण होते, दर वेळी. तीन वास्तव मुळं हवीत तिथेच सूत्र काल्पनिक संख्यांतून जातं. त्या वाटेने धीटपणे चालून दाखवलं ते बोंबेल्लीने, १५७२ मध्ये.

तिसरी गोष्ट: हे घनापुरतंच का?

आता कुणी उत्साहाने म्हणेल, नतिपरिवर्तन बिंदू असला की तो मध्य असणारच. नाही. एक दिशा खरी, दुसरी खोटी. बहुपदीच्या आलेखाला मध्य असेल, तर तिथे दुसरा अवकलज शून्य असलाच पाहिजे, कारण मध्याच्या दोन्ही बाजूंना चढ सारखे असतात. उलट दिशेची हमी मात्र नाही.

y = x⁵ + x² घ्या. दुसरा अवकलज 20x³ + 2. तो x सुमारे −0.46 असताना शून्य होऊन चिन्ह बदलतो. नतिपरिवर्तन झालं. पण तो मध्य आहे का? मध्य असता, तर तिथे आरंभबिंदू नेल्यावर सम घातांची सगळी पदं गेली असती. आरंभबिंदू h ने सरकवला की X⁴ चा सहगुणक 5h होतो. तो शून्य व्हायचा तर h = 0 हवा. आणि तिथे x² उभाच आहे! म्हणून या वक्राला मध्य नाहीच. चार कोटीच्या बहुपदीचं तर विचारूच नका. तिची दोन्ही टोकं एकाच दिशेला जातात, दोन्ही वर किंवा दोन्ही खाली. अर्धा फेरा दिला की ती उलटी होणार.

यामागे साधा हिशेब आहे. मध्य मिळायचा तर सम घातांची पदं नाहीशी व्हायला हवीत. घनात अशी पदं किती? X² आणि स्थिरपद, दोन. आपल्या हातात सरकवण्या किती? आडवी आणि उभी, दोन. आडव्या सरकवणीने X² जातो, उभ्या सरकवणीने स्थिरपद. हिशेब पुरा. पाच कोटीत X⁴, X² आणि स्थिरपद अशी तीन पदं घालवायची, आणि सरकवण्या त्याच दोन. एक मागणी उरते, आणि ती पुरी होईलच असं नाही. x⁵ − x सारख्या काही बहुपद्यांत ती आयती पुरी झालेली असते, एवढंच.

घन बहुपदीच्या चार सहगुणकांपैकी दोन अशा रीतीने फक्त मध्य कुठे आहे हे सांगण्यात खर्च होतात. वक्राचं रूप ठरतं ते उरलेल्या दोघांवरून: Y = aX³ + pX. a धन असेल आणि p ऋण, तर शिखर आणि दरी. p शून्य, तर मध्यापाशी क्षणभर सपाट होऊन पुढे चढणारा वक्र. p धन, तर अखंड चढ. a ऋण असेल तर हेच सगळं उलट. घनाची यापलीकडे जात नाही. न्यूटनने तिसऱ्या कोटीच्या वक्रांचे बहात्तर प्रकार मोजले आणि १७०४ साली ‘ऑप्टिक्स’च्या जोडीने ते छापले. त्या पसाऱ्यात y बरोबर घन बहुपदी, हा आपला सगळा प्रपंच मिळून एकच प्रकार आहे!

थोडक्यात सांगतो आणि थांबतो. घनाचा चढ अन्वस्त असतो, अन्वस्ताला अक्ष असतो, आणि त्या अक्षावर वक्राचा बाक बदलतो. आरंभबिंदू तिथे नेला की वर्गपद आणि स्थिरपद दोन्ही जातात, उरतात ती फक्त विषम घातांची पदं, आणि तीच सममितीची सिद्धता. पडताळायला तीन भागाकार लागतात, आणि तिसऱ्याचा शेष शून्य आला पाहिजे. तो शून्य आला नाही, तर आपण मध्यावर उभे नाही. आणि तो शेष 3a ने भागला, तर मध्य आपल्यापासून किती मागे राहिला किंवा पुढे आहे, तेही कळतं. आपल्या वक्रावर (2, 0) ला शेष −3 आला होता. a इथे 1 आहे, म्हणून −3 ला 3 ने भागलं, चिन्ह बदललं, आणि उत्तर आलं: अजून एक पाऊल उजवीकडे.